अर्जाच्या खाली ठेवलेलं पत्र

आठ वर्षं मी वडिलांशी बोलले नव्हते. एकाच घरात राहत होतो, एकाच चुलीवरचं जेवत होतो. पनवेलला तळ्याकाठच्या आळीत आमचं तीन खोल्यांचं घर होतं. मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण, वडील मीठ खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आणि कुत्री.

तिचं नाव इथे लिहीत नाही. ते फक्त हाक मारण्यासाठी होतं.

अबोल्याचं कारण सांगते. आई गेल्यावर वर्षभराने मला अलिबागकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक होता. बघून गेला, बोललो, मला आवडला. पुढे त्यांच्याकडून काही कळलं नाही. मी समजले, त्याला मी पसंत नसेन. दोन वर्षांनी एका लग्नात त्याची मावशी भेटली. म्हणाली, "तुझीच इच्छा नव्हती ना गं? तुझ्या वडिलांचं तसं कार्ड आलं होतं." मी तशीच घरी आले आणि वडिलांना विचारलं. ते दाढी करत होते. आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला योग्य वाटलं ते मी केलं."

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. घर सोडून जायचा विचार रोज करायचे. पण आमच्या आळीत एकट्या बाईला खोली कोण देणार? शिवाय मी गेले असते तर त्यांना दोन दिवस वाईट वाटलं असतं आणि मग सवय झाली असती. मला त्यांना सवय होऊ द्यायची नव्हती. मी रोज त्यांच्यासमोर ताट ठेवायचे आणि एक अक्षर बोलायचे नाही. ही शिक्षा मी जपून, नेमाने दिली.

पण घर म्हटलं की काहीतरी बोलावं लागतंच. ते आम्ही कुत्रीकडून बोलायचो. "सांग तुझ्या बाईला, रॉकेल संपलंय." मग मी तिला सांगायचे, "सांग त्यांना, मला दिसतंय." ती बिचारी आधी त्यांच्याकडे बघायची, मग माझ्याकडे. शेवटच्या वर्षी तिला अजिबात ऐकू येत नव्हतं. तरी आमचे निरोप तिच्यामार्फतच चालू होते.

तिला वडिलांनीच आणलं होतं, उरणच्या बाजूच्या मिठागरावरून. आगरात पाणी सोडायच्या दिवसांत कोणीतरी पिल्लं बांधावर टाकून दिली होती, त्यातली ही एक जगलेली. तेव्हा आई होती. आई दुखण्यात पडली तेव्हा ती खाटेखाली असायची. पुढे मी शाळेतून यायच्या वेळेला ती आळीच्या तोंडाशी येऊन बसायला लागली. वडील पेन्शनीत गेल्यावर त्यांच्या पायाशी बसायला लागली. ते मला कधीच खपलं नाही.

तेरा वर्षांची झाली तेव्हा तिच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या आचळाशी सुपारीएवढी गाठ लागली. वडिलांनी ती चाचपली आणि कुत्रीला म्हणाले, "चरबी आहे. सांग तिला, घाबरायचं कारण नाही." मीही फार लक्ष दिलं नाही. दिवाळीपर्यंत ती लिंबाएवढी झाली, उन्हाळ्यात पेरूएवढी, आणि आषाढात फुटली. पावसाच्या दिवसांत उघडी जखम म्हणजे माश्यांना आमंत्रणच. तिसऱ्या दिवशी तिला पुसताना मला जखमेत काहीतरी हललेलं दिसलं.

मी तिला कडेवर घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथे एक बैल आडवा पाडून ठेवला होता आणि दोन म्हशी पावसात उभ्या होत्या. जखमा बांधणारा ड्रेसर जवळच्या करंजाड्याचा होता. माझ्याकडे बघून हसला. "बाय, आमी बैल बघतो. कुत्रं घेऊन हितं कोन येतंय?" पण हात त्याचा हलका होता. त्याने टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा जखमेत धरून ठेवला. आळ्या वर आल्या तशी चिमट्याने एकेक काढली. मी मोजत होते, मग मोजायचं सोडलं. कुत्री ओरडली नाही. माझ्या मनगटावर दात ठेवले, पण आवळले नाहीत.

डॉक्टर तरुण होते, घाटावरचे. त्यांनी गाठ दाबून बघितली, दुसऱ्या बाजूच्या आचळांना हात लावला, तिथेही दोन लहान गाठी निघाल्या. मग नळी लावून छाती बराच वेळ ऐकली.

"खोकते का?"

"महिनाभर. मला वाटलं, पावसाने."

"पावसाने नाही. हे छातीत गेलंय. गाठ कापून आता उपयोग नाही. मी जखम धुऊन देईन, पण मी फक्त जखम धुतोय हे तुम्हाला माहीत असू दे."

"किती दिवस?"

"पंधरा. महिना. शेवट श्वास कोंडून होईल, आणि तो लवकर होत नाही." मग म्हणाले, "झोपवायचं असेल तर मी झोपवीन. मात्र नगरपालिकेच्या माणसांना बोलावू नका. ते कुचल्याचं विष घालतात. त्याने आकड्या येतात आणि जनावर शेवटपर्यंत शुद्धीत असतं. माझ्याकडे मोठ्या जनावरांसाठी शिरेतून द्यायचं एक मीठ आहे, पण तेही मी हिला देणार नाही. त्याने अंग लुळं पडतं, हृदय थांबतं, पण आधी झोप लागत नाही. मला मुंबईहून झोपेचं औषध आणावं लागेल. त्याला आठवडा जाईल. आणि मालकाचा अर्ज लागेल, सही करून. गळ्यातला नगरपालिकेचा बिल्ला कोणाच्या नावावर आहे?"

"वडिलांच्या."

"मग त्यांची सही."

घरी आल्यावर मी कुत्रीला ओसरीवर ठेवलं आणि तिच्याकडे बघत सगळं सांगितलं. वडील आरामखुर्चीत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. म्हणाले, "सांग तिला, मी मारेकरी नाही. जितके श्वास असतील तितके ती घेईल."

"सांग त्यांना," मी म्हणाले, "आळ्या मी काढते. तेव्हा हे उठून परसात जातात."

ते उठून परसात गेले.

त्यानंतरचे दिवस मला आजही आठवायला आवडत नाहीत. मी सकाळी जखम धुऊन, डांबरगोळीची पूड भुरभुरून शाळेत जायचे. घरी आले की पहिला प्रश्न वास कुठवर आलाय हा. वडील तिला सुक्या बोंबलाचा तुकडा हातावर घेऊन भरवायचे आणि तिने खाल्ला की माझ्याकडे विजयाने बघायचे. मला वाटायचं, हा माणूस जे धरतो ते सोडत नाही. मग ते कोणी का असेना, त्याचं काही का होईना. मी मनातल्या मनात त्यांना फार वाईट बोलले आहे. तोंडाने बोलले असते तर कदाचित इतकं वाईट बोलले नसते.

एका बुधवारी मी शाळेतून आले तर कुत्री आडवी झालेली नव्हती. भिंतीला टेकून बसली होती, पुढचे पाय फाकवून, मान पुढे ताणून, तोंड उघडं. झोपेने डोळे मिटत होते. मान खाली आली की दम कोंडायचा आणि ती दचकून पुन्हा मान ताणायची. वडील तिच्यासमोर जमिनीवर बसले होते. ते जमिनीवर कधी बसत नसत. त्यांच्या समोरचा चहा तसाच गार झालेला.

"सकाळपासून अशीच आहे," ते म्हणाले. मग सवयीने तिच्याकडे वळले. "सांग तिला, अर्ज लिही म्हणावं. सही करतो."

डॉक्टरांनी औषध आधीच मागवून ठेवलं होतं; दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात जाऊन शनिवार ठरवला आणि मधल्या सुट्टीत अर्ज लिहिला. चार ओळींचा. 'माझ्या मालकीची एक कुत्री, वय सुमारे चौदा वर्षे, असाध्य रोगाने पीडित असल्याने तिला वेदनारहित मरण द्यावे, यास माझी संमती आहे.' खाली सहीची जागा सोडली. मग समोर दुसरा फुलस्केप कागद होता, आणि वर्गात कोणी नव्हतं. मी तिला पत्र लिहिलं. ते अजून माझ्याकडे आहे. त्यातलं हे.

'तुला वाचता येत नाही आणि आता ऐकूही येत नाही, म्हणून तुला खरं लिहायला हरकत नाही. परवा तुला मारायचं ठरलंय. झोपवायचं म्हणतात, पण तुला ठाऊक आहे मी शब्दांची मास्तरीण आहे. तुला मारायचंय, आणि ते मी ठरवलंय. त्याचा दोष मी कोणाला देणार नाही. सुपारीएवढी होती तेव्हा मी तुला नेलं असतं तर कदाचित ती कापता आली असती. ते मी केलं नाही. चरबी आहे असं एका माणसाने सांगितलं आणि मी ते ऐकलं, कारण ऐकलं नसतं तर त्याच्याशी वाद घालायला बोलावं लागलं असतं. माझा अबोला मोडू नये म्हणून तुझी गाठ वाढली. हे मी तुझ्याजवळ कबूल करते.

आई गेली त्या दिवशी तू खाटेखालून निघाली नाहीस. मी तुला ओढून काढलं तेव्हा तुझ्या अंगाला आईच्या तेलाचा वास होता. मी तुला आठ दिवस धुतलं नाही.

तुझं एकच मला आवडलं नाही. तू त्यांच्या पायाशी बसायचीस. ज्याने मला विचारल्याशिवाय माझं आयुष्य एका कार्डावर संपवलं, त्याच्या पायावर तू हनुवटी ठेवून झोपायचीस, आणि मी स्वयंपाकघरातून बघायचे. तुला पोत्यात घालून आणलं म्हणून काय तू जन्मभर त्यांची झालीस? मी तुला घास घालत होते, अंघोळ घालत होते. मी कित्येकदा तुला विनाकारण हाकललं आहे. ते यामुळे.

तू गेल्यावर या घरात दोन माणसं राहतील आणि त्यांच्यात कोणी नसेल. मला त्याची भीती वाटते. मी त्यांचा द्वेष करते, आणि तो नीट करायला मला तू लागत होतीस. दुखवलं असेल तर माफ कर. आळ्या काढताना तू माझा हात चावला नाहीस, हे मी विसरणार नाही.'

घरी गेल्यावर मी अर्ज टेबलावर ठेवला आणि त्याच्या खाली हे पत्र ठेवलं. चुकून नव्हे. अर्ज उचलला की खालचं दिसेल असं बघून ठेवलं, वर पेन ठेवलं आणि पाणी भरायला निघून गेले. त्यांना लागावं म्हणूनच ठेवलं.

परत आले तेव्हा दोन्ही कागद तिथेच होते, ओळीने मांडलेले. अर्जावर सही होती. पत्रावरही सही होती, खाली उजव्या कोपऱ्यात, खात्यात करत तशी तारखेसकट. आणि 'पोत्यात' या शब्दाखाली निळ्या पेन्सिलीने रेघ मारून समासात लिहिलं होतं: 'पोत्यात नव्हे. सदऱ्यात.'

एवढंच. बाकी सगळं त्यांनी वाचलं होतं, आणि दुरुस्त करण्यासारखं त्यांना एवढंच आढळलं होतं. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की हातातली कळशी मी आपटली. पाणी ओसरीवरून अंगणात गेलं. ते आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत.

डॉक्टरांनी तिचं वजन विचारलं होतं, औषध वजनावर द्यायचं म्हणून. शुक्रवारी वडील तिला उचलून भाताच्या गिरणीत गेले. आधी तिला घेऊन काट्यावर उभे राहिले, मग एकटे, आणि वजाबाकी केली. मी मागे उभी होते. ते आकडा मोठ्याने म्हणाले, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. चाळीस रत्तल असायची ती अठ्ठावीस भरली होती. तिथून ते तिला माझ्या हातात देऊन कुठेतरी गेले, आणि संध्याकाळी ओळखीच्या आगरवाल्याकडून बैलगाडीत टाकून मिठाची गोण घेऊन आले. डॉक्टरांनी खड्डा आधीच खणून ठेवायला सांगितला होता, कमरेएवढा खोल. औषध मेल्यावरही अंगात राहतं, म्हणाले. कोल्ह्याने उकरून खाल्लं तर तोही मरेल. परसात चिकूखाली वडिलांनी एकट्याने खणलं. मी दुसरी पहार घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

शनिवारी शाळा सकाळची असायची. डॉक्टर दवाखाना बंद करून दुपारी सायकलवरून आले. ओसरीवर जुनं लुगडं अंथरून आम्ही तिला बसवलं होतं. आडवी ती होऊ शकत नव्हती. डॉक्टरांनी आधी सगळं समजावून सांगितलं. पुढच्या पायावरचे केस कातरायचे, कोपराच्या वर एकाने अंगठ्याने शीर दाबून धरायची म्हणजे ती फुगते. सुई शिरेत गेली की सिरिंजच्या नळीत रक्त दिसेल. ते दिसलं की दाबलेला अंगठा काढायचा, म्हणजे औषध हृदयाकडे जाईल. "मी 'सोडा' म्हणेन तेव्हा सोडा. झोप अर्ध्या मिनिटात लागेल. डोळे उघडे राहतील, त्याला घाबरू नका. श्वास थांबल्यावरही एकदोनदा आचका येईल. तो श्वास नसतो. लघवी होईल. कोण धरतंय?"

"मी," वडील म्हणाले.

मी तिचं डोकं धरलं. आम्ही इतके जवळ आठ वर्षांत बसलो नव्हतो. त्यांच्या तोंडाला तपकिरीचा वास येत होता. डॉक्टरांनी कात्रीने केस काढले, स्पिरिटचा बोळा फिरवला. वडिलांनी अंगठा दाबला. शीर निळी वर आली. सुई गेली तेव्हा तिने फक्त कान हलवला. नळीत रक्ताचा लाल धागा चढला.

"सोडा," डॉक्टर म्हणाले.

वडिलांनी सोडलं नाही.

"सोडा, साहेब. दाब राहिला तर औषध पुढे जाणार नाही. शीर फुटेल."

त्यांचा अंगठा पांढरा पडला होता. ते तिच्याकडे बघत होते आणि मला वाटतं, त्यांना ऐकूच येत नव्हतं. डॉक्टर दट्ट्यावर बोट ठेवून थांबले होते. कुत्री मान ताणून श्वास ओढत होती.

"बाबा, सोडा," मी म्हणाले.

आठ वर्षांतले ते माझे पहिले शब्द. तरी त्यांनी सोडलं नाही. मग मी एका हाताने तिचं डोकं छातीशी धरून दुसऱ्या हाताने त्यांचा अंगठा पकडला आणि उचकटला. जोर लावावा लागला. माझं नख त्यांना लागलं. डॉक्टरांनी दट्ट्या दाबला, आधी भरभर, मग सावकाश.

तिने एक जांभई दिली. ताणलेली मान सैल झाली आणि डोक्याचं सगळं वजन माझ्या हातात आलं. तीन दिवसांनी ती आडवी झाली. फासळ्या दोनदा वर-खाली झाल्या, मग नाही. थोड्या वेळाने जबडा उघडला आणि एक आचका आला. मी दचकले, सांगितलेलं असूनही. डॉक्टरांनी बुबुळाला बोट लावून बघितलं, पापणी हलली नाही. नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "गेली." लुगडं ओलं झालं होतं.

डॉक्टर गेल्यावर आम्ही तिला लुगड्यासकट खड्ड्यात ठेवलं. वडिलांनी गोण फोडून मीठ ओतलं, हाताने तिच्या अंगाभोवती बसवलं, जखमेपाशी जास्त. मी माती लोटायला लागले तेव्हा ते म्हणाले, "पत्र आण. तिच्याबरोबर जाऊ दे."

"नाही देणार."

"तिचं आहे ते."

"त्यावर तुम्ही सही केलीत. आता ते तुमचंही आहे. म्हणूनच देणार नाही."

ते पहारीवर हात ठेवून उभे राहिले. "तुला कुत्रीला लिहावंसं वाटलं. मला आठ वर्षांत एकदा विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. तुम्ही दाढी करत होतात."

"तेव्हा मला सांगता आलं नाही."

"मग आता सांगा."

त्यांनी सांगितलं. चार शब्दांत, मातीकडे बघत. आई गेल्यावर मीही गेले असते तर ते एकटे पडले असते. मला हे कधीच सुचलं नव्हतं असं नाही. पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर माझा राग उतरला नाही. उलट वाढला.

"मग तसं लिहायचं होतं त्यांना," मी ओरडले. "'मी एकटा पडतो' असं लिहायचं. माझ्या नावाने खोटं कशाला लिहिलंत? माझी इच्छा नाही असं का लिहिलंत?"

शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. वडिलांनी तिच्याकडे बघून मान खाली घातली आणि खड्डा बुजवायला लागले. उत्तर त्यांनी दिलं नाही, तेव्हाही आणि नंतरही.

त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. बोलणं म्हणजे भांडण. दाराची कडी, भाजीतलं तिखट, माझं उशिरा येणं, त्यांची तपकीर, सगळ्यावरून. आठ वर्षांचं साठलेलं होतं आणि मध्ये कोणी नव्हतं. पुढच्या वर्षी मी शाळेजवळ एका विधवेच्या घरी खोली घेतली. रविवारी जाऊन त्यांचं आठवड्याचं बघायचे, दोन तासांत चारदा भांडून परत यायचे. शेवटी त्यांना लकवा झाला तेव्हा दोन महिने मीच त्यांचं केलं. लोक म्हणाले, मुलीने माफ केलं. मी माफ केलं नव्हतं. अंग पुसता येतं, त्यासाठी माफ करावं लागत नाही.

लकव्याच्या आधी, एका रविवारी, त्यांनी विचारलं होतं की मिठागरावर पिल्लं झाली आहेत, एखादं आणू का.

"नाही," मी म्हणाले.

"का?"

"मला पुन्हा धरायला बसायचं नाही. तुम्हीही बसू शकत नाही."

त्यांनी पेपर वर केला. त्या दिवशी आम्ही त्यापुढे भांडलो नाही.